रेझ्युमेवरचं पद बदललं, खोटं न लिहिता

पुण्यातल्या एका विमा कंपनीत माझं पद होतं ‘सिनियर असोसिएट, बिझनेस एनेबलमेंट’. काम मात्र रोज एसक्यूएलमधून दाव्यांचा डेटा काढायचं आणि पॉवर बीआयमध्ये डॅशबोर्ड बनवायचं. नोकरी डॉट कॉम या साइटवर प्रोफाइल टाकून दोन महिने झाले, तरी फोन यायचे ते विमा विक्रीच्या जागांसाठी. रिक्रूटर ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ शोधतो, आणि हे शब्द माझ्या प्रोफाइलमध्ये कुठेच नव्हते.

नेमकं कुठलं पद लिहावं हे ठरवायला मी वीस जाहिराती काढल्या आणि शीर्षक झाकून फक्त कामाची यादी वाचली. आधी ‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ लिहायचा मोह होता. पण आयटीत त्या पदाचा माणूस बहुतेक वेळा ग्राहकाच्या गरजा लिहून काढतो, आणि ते मी कधी केलं नव्हतं. ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’च्या जाहिरातींत मुख्यतः एक्सेल होतं. माझं काम सर्वात जास्त जुळलं ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’शी.

मग हेडलाइनमध्ये लिहिलं: ‘डेटा अ‍ॅनालिस्ट, एसक्यूएल, पॉवर बीआय, विमा दावे’. अनुभवात लिहिलं: ‘डेटा अ‍ॅनालिस्ट, कंपनीतील पद: सिनियर असोसिएट, बिझनेस एनेबलमेंट’. ‘सिनियर’ मुद्दाम पुढे आणलं नाही, कारण ती आमच्याकडे फक्त ग्रेड होती.

अर्जातल्या पदाच्या रकान्यात आणि पडताळणीच्या फॉर्मवर मात्र नियुक्तिपत्रातलं पदच अक्षरशः लिहिलं. तिथे तफावत दिसली तर आलेली ऑफरही अडकते. पुढच्या तीन आठवड्यांत चार फोन आले, चारही डेटाच्या कामासाठी.