परत मागवलेल्या मालाची सूचना मराठीत करताना

समजा, मसाला काजूच्या पाकिटांत शेंगदाणे मिसळले गेलेत आणि लेबलवर त्यांचा उल्लेख नाही. कंपनीच्या इंग्रजी सूचनेची सुरुवात ‘ग्राहकांच्या हितासाठी स्वेच्छेने’ अशी असते. मराठीत ते खाली ढकला. पहिलंच वाक्य धोक्याचं हवं: ‘या पाकिटात शेंगदाणे आहेत, पण लेबलवर लिहिलेले नाहीत. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ओठ-घसा सुजून श्वास अडकू शकतो, जीवही जाऊ शकतो.’ ‘आरोग्यास बाधा संभवते’ एवढ्यावर कुणी पाकीट खाली ठेवत नाही.

बॅच क्रमांकाला हात लावायचा नाही. पाकिटावर CK2407A छापलं असेल तर सूचनेतही तेच, त्याच अक्षरांत. ‘सीके२४०७ए’ लिहिलंत तर म्हापशाच्या बाजारातला दुकानदार ते कशाशी ताडून बघणार? क्रमांक पाकिटावर कुठे आहे तेही सांगा: ‘मागच्या बाजूला, एमआरपीच्या खाली.’ तारीख 03/04 अशी असेल तर ती 3 एप्रिल की 4 मार्च, हे कंपनीला विचारूनच घ्या. पाकिटावरची तारीख जशीच्या तशी देऊन शेजारी महिना अक्षरी लिहा. ‘पर्यंत’ म्हणताना तो दिवस धरून की सोडून, तेही स्पष्ट करा.

कृती आज्ञार्थी लिहा: ‘खाऊ नका. कुणाला देऊ नका. दुकानात परत करा, पैसे मिळतील.’ बिल लागेल का, हे मूळ सूचनेत नसेल तर मनाने घालू नका, विचारा.

छापण्याआधी ती सूचना आणि एक पाकीट घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या. ‘हे खायचं का?’ याचं उत्तर त्यांनी तुम्हाला न विचारता द्यायला हवं.