मागचं धूसर करण्याआधी: शूटपासून एक्स्पोर्टपर्यंतची तयारी

फोनचा सेन्सर एवढासा, त्यामुळे समोरच्या माणसाच्या पापण्यांपासून मागच्या भिंतीवरच्या घड्याळापर्यंत सगळं सारखंच स्पष्ट येतं. माणूस मास्कने वेगळा काढायचा आणि मागचं ब्लर करायचं, हा उपाय आपल्याला ठाऊक असतो. तो फसतो कडेला. काळा शर्ट घातलेला मित्र पांढऱ्या भिंतीपुढे बसवून मी पहिल्यांदा हे केलं, तेव्हा त्याच्या खांद्यांभोवती करड्या रंगाची प्रभावळ उमटली होती. कारण असं, की अख्खी फ्रेम ब्लर केली की त्यातला माणूसही ब्लर होतो. त्याच्या शर्टचा काळा रंग भिंतीवर पसरतो आणि वर ठेवलेला स्पष्ट माणूस तो पसरलेला भाग झाकू शकत नाही. मास्कचा फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, वाढवून हे जात नाही, उलट कडेला भिंतीची एक स्पष्ट पट्टी दिसायला लागते.

म्हणून तयारीत सगळ्यात आधी रिकामी फ्रेम, म्हणजे माणूस नसलेली तीच जागा. ब्लर तिच्यावर करायचा, म्हणजे पसरायला माणूसच नसतो. फोन ट्रायपॉडवर पक्का बसवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, व्हाइट बॅलन्स लॉक होत असेल तर तोही. स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, कारण ट्रायपॉडवरही ते फ्रेम किंचित सरकवू शकतं. बोलणं संपलं की रेकॉर्डिंग थांबवू नका. माणसाला उठून बाजूला जाऊ द्या आणि पाच सेकंद नुसती जागा चित्रित करा. बटण दाबायला गेलात की फोन हलतो आणि दोन शॉट एकमेकांवर नीट बसत नाहीत.

माणूस भिंतीपासून दीड-दोन मीटर तरी पुढे बसवा. त्याची सावली भिंतीवर पडत असेल तर ती रिकाम्या फ्रेममध्ये नसणार आणि जोड लगेच ओळखू येईल. शक्यतो कमरेपासून वरचाच भाग घ्या. पाय दिसले की जमीनही हाताळावी लागते: पायाजवळची फरशी स्पष्ट आणि मागे जाईल तशी धूसर, म्हणजे वेगळा ग्रेडियंट मास्क. पहिल्याच प्रयत्नात ही डोकेदुखी नको. हात हलवून बोलणारा माणूस असेल तर शटर १/१०० च्या आसपास किंवा त्याहून जलद ठेवा. हलणाऱ्या बोटांची कड आधीच पुसट आली, तर मास्क कुठे कापायचा हे कुणालाच सांगता येत नाही.

एडिटिंगला बसण्यापूर्वी फ्रेम रेट तपासा. बरेच फोन तो बदलता ठेवतात आणि मग मास्क मध्येच एखाद्या फ्रेमने मागे पडतो. आधी क्लिप सेकंदाला स्थिर ३० फ्रेमवर आणून घ्या, मगच मास्कला हात लावा.

आता लेयर. खाली रिकामी फ्रेम, तिच्यावर ब्लर. वर मूळ क्लिप, तिच्यावर माणसाचा मास्क. बारा सेकंदांची क्लिप म्हणजे ३६० फ्रेम. मास्क आपोआप बनवला असला तरी मागे भडक हिरवा रंग ठेवून एकदा अर्ध्या वेगाने सगळं पाहा. कान, चष्म्याच्या काडीमागची फट आणि दंड व शरीर यांमधला त्रिकोण, गडबड बहुतेक इथेच असते. त्या मित्राच्या क्लिपमध्ये कोपराच्या आतला भिंतीचा तुकडा मास्कमध्ये राहून गेला होता. मागचं सगळं धूसर आणि कोपरात तेवढीच टवटवीत भिंत! तिथे वजा होणारा छोटा मास्क लावून तो पुढे कीफ्रेमने हलवावा लागला. फेदर १०८० पी मध्ये एक ते दोन पिक्सेल पुरे.

रिकामी फ्रेम घ्यायची राहूनच गेली असेल, तर मागच्या लेयरमधून माणूस थोड्या फुगवलेल्या मास्कने कापून काढा, भोक आजूबाजूच्या भिंतीच्या रंगाने भरा आणि मग ब्लर करा. कडेजवळ भरणं नीट हवं, मधलं माणसाखाली झाकलंच जातं.

ब्लर निवडताना गॉसियनऐवजी लेन्स ब्लर घ्या. मागे दिवे असतील तर गॉसियन त्यांचा लगदा करतो, लेन्स ब्लर गोल चकत्या करतो. मात्र फोनने जळून पांढरे केलेले दिवे ब्लरमध्ये मंद पडतात, म्हणून ब्लरआधी तेवढेच उजळावे लागतात. ब्लरचं प्रमाण कमीच ठेवा. घड्याळ आहे हे कळावं, किती वाजले ते कळू नये, इतपत.

शेवटी ग्रेन. ब्लरने मागचा सगळा नॉइज पुसला जातो, माणसावर मात्र तो राहतो, आणि माणूस चिकटवल्यासारखा दिसतो. मागच्या लेयरला तेवढाच बारीक ग्रेन द्या. गुळगुळीत भिंतीवर उमटणारे रंगांचे पट्टेही त्याने दबतात. मग आधी दोनच सेकंद एक्स्पोर्ट करून फोनच्या पूर्ण पडद्यावर पाहा. केसांची कड तिथे थरथरताना दिसली, तर बाकीचे दहा सेकंद रेंडर करण्याआधी मास्ककडे परत जा.