मूळ सिनेमा आणि रिमेक यांची तुलना कशी करावी

‘रिमेकमध्ये मूळची मजा नाही’ हे वाक्य बोलायला सोपं आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. नेमकं काय गेलं आणि कुठे गेलं, हे शोधायचं असेल तर खाली दिलेल्या क्रमाने जा. उदाहरणाला ‘सैराट’ (२०१६) आणि त्याचा हिंदी रिमेक ‘धडक’ (२०१८) घेतो, आणि पडताळणीसाठी मल्याळम ‘दृश्यम’ (२०१३) आणि त्याचा निशिकांत कामत यांनी केलेला हिंदी रिमेक (२०१५). शेवटांसकट सगळं सांगणार आहे, त्यामुळे हे सिनेमे पाहिले नसतील तर आधी ते पाहून या.

आधी मूळ सिनेमा पाहा, मग रिमेक, आणि दोन्हींत आठवडाभराचं तरी अंतर ठेवा. भाषा येत नसेल तर सबटायटल चालतील, डब केलेली आवृत्ती नको. डबिंगमध्ये नटाचा आवाजच बदललेला असतो, मग तुलना कशाची करणार?

दोन्हींची लांबी लिहून ठेवा. ‘सैराट’ पावणेतीन तासांहून मोठा आहे, ‘धडक’ सव्वादोन तासांच्या आसपास. अर्ध्या तासाहून जास्त भाग कुठून तरी कापला गेलाय, एवढं इथेच कळतं.

आता अवघड टप्पा. बहुतेक जण दृश्याला दृश्य लावून बघतात: मुळात हे होतं, रिमेकमध्ये ते आहे का? समीक्षेच्या नावाखाली सर्रास हाच सल्ला दिला जातो आणि तो चुकीचा आहे. अशाने नुसती यादी तयार होते, आणि दृश्यं बरीचशी तीच असूनही सिनेमा वेगळा का वाटला याचं उत्तर तिच्यात सापडत नाही. मलाही हा टप्पा जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. विचारायचं ते असं: मूळ सिनेमात या दृश्याचं काम काय होतं? आणि रिमेकमध्ये ते काम कोण करतंय?

‘सैराट’च्या नायिकेचा, अर्चीचा ट्रॅक्टर घ्या. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, कुणालाही दरडावते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि ‘बिनधास्त नायिका’ अशी नोंद करून पुढे जातात. पण त्या दृश्याचं काम तिथे संपत नाही. तिचा बिनधास्तपणा तिचा स्वतःचा आहे, तसाच तो पाटलांच्या जमिनीवर, गाड्यांवर आणि बापाच्या दराऱ्यावरही उभा आहे. हे आधी डोळ्यांत भरलेलं असतं, म्हणूनच हैदराबादच्या झोपडपट्टीत ती घाणीने आणि वासाने हैराण होऊन रडते तेव्हा आपल्याला तिचं पडणं किती उंचावरून आहे ते कळतं. ट्रॅक्टर आणि ती झोपडी ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. पलीकडे नायक पारश्या मासेमारी करणाऱ्या घरातला. त्याच्या घरच्यांना या प्रेमाची किंमत जातपंचायतीसमोर चुकवावी लागते. दोन घरांमधलं अंतर सिनेमाभर असं वस्तूंतून, कामांतून आणि लोकांच्या वागण्यातून दिसत राहतं. कुणाला ते बोलून दाखवावं लागत नाही.

‘धडक’मध्ये गोष्ट उदयपूरला गेली. मुलगी राजकारणी, हॉटेलवाल्या बड्या घरातली आहे. मुलाच्या वडिलांचंही खाण्याचं हॉटेल आहे आणि तो स्वतः पर्यटकांना शहर दाखवतो. जातीचा उल्लेख येतो, पण ओझरता, मुलाच्या वडिलांनी त्याला दिलेल्या इशाऱ्यात. म्हणजे पळून जाणं आहे, परक्या शहरातला संसार आहे, मुलगी मोठ्या घरची आहे. यादीत बहुतेक सगळ्यावर टिकमार्क होईल. पण दोन घरांमधलं अंतर दाखवण्याचं काम करायला तिथे फारसं कुणी उरलेलं नाही. ते काम बंद पडल्यावर पुढचा हिंसाचार श्रीमंत बापाच्या रागासारखा दिसतो, गावाच्या रचनेतून आलेला वाटत नाही. वेगळेपणाची ठिणगी इथे आहे. ‘हिरॉईन चकचकीत दिसते’ ही तक्रार नंतरची.

ताळा करायचा तर गाण्यांकडे बघा. दोन्हींचं संगीत अजय-अतुलचं आणि ‘झिंगाट’ची चालही तीच. चाल आणि संगीतकार तेच असताना परिणाम वेगळा होत असेल, तर फरक गाण्याच्या आजूबाजूला शोधायला हवा, गाण्यात नाही.

एक धोका सांगून ठेवतो. काम शोधताना मूळ सिनेमातल्या प्रत्येक तपशिलाला पवित्र मानू नका. तपशील बदलला म्हणून काम बिघडतंच असं नाही, आणि याचा उत्तम पुरावा ‘दृश्यम’ आहे. मल्याळममधला जॉर्जकुट्टी ख्रिस्ती आहे आणि घरात घडलेला खून लपवण्यासाठी, त्या दिवशी कुटुंबासकट ख्रिस्ती ध्यानकेंद्रात गेल्याचं पोलिसांना सांगतो. तारीख २ ऑगस्ट. हिंदीतला विजय साळगावकर पणजीच्या सत्संगाला गेल्याचं सांगतो. तारीख २ ऑक्टोबर. धर्म, गाव, तारीख, सगळं बदललं. पण दृश्याचं काम काय होतं? त्या दिवशी कुटुंब घरी नव्हतं हे गर्दीतल्या अनोळखी माणसांच्या तोंडून वदवून घेणं. सत्संगाची गर्दी ते काम चोख करते, म्हणून रिमेक टिकतो. ‘दृश्यम’चा गाभा पुरावा आणि आठवण यांच्या कोड्यात आहे, आणि कोडं कुठल्याही गावात मांडता येतं. ‘सैराट’चा गाभा गावाच्या रचनेतच आहे. ती रचना नव्या जागी पुन्हा उभी करावी लागते, आणि ते कष्टाचं काम आहे. म्हणून रिमेक बघण्याआधीच एक प्रश्न लिहून ठेवा: या गोष्टीचा गाभा कोड्यात आहे की जागेत? उत्तर ‘जागेत’ असेल, तर नव्या जागेतलं त्याच तोडीचं वास्तव रिमेकने शोधलंय का, एवढंच तपासायचं.

यानंतर शेवट तपासा. ‘सैराट’मध्ये दोघंही मारले जातात, मूल परत येतं आणि रक्ताची पावलं उमटवत बाहेर जातं. आवाज पूर्ण बंद. ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल जातात, ती उरते. कुठला शेवट जास्त क्रूर, हा वाद घालू नका, त्यातून काही निघत नाही. शेवटी कॅमेऱ्यासमोर कोण उरलंय ते बघा. पहिल्यात काहीच न कळणारं मूल उरतं, म्हणून घडलेल्याचा अर्थ लावायचं ओझं प्रेक्षकावर येतं. दुसऱ्यात दुःख करणारी व्यक्ती पडद्यावरच आहे, आपण तिच्यासाठी हळहळतो. सिनेमागृहातून बाहेर पडताना जो वेगळेपणा जाणवतो, त्याचा मोठा भाग या निवडीतून येतो.

अभिनय सगळ्यात शेवटी. सुरुवातीला नटांवर बोललात की बाकीची तुलना त्यातच बुडते. ‘सैराट’चे दोघंही नवखे होते आणि पारश्या झालेला आकाश ठोसर तर गोष्ट घडते त्या करमाळा भागातलाच. जान्हवी कपूरला मात्र पहिल्या सिनेमाआधीपासूनच लोक श्रीदेवीची मुलगी म्हणून ओळखत होते. पडद्यावर यायच्या आधीच प्रेक्षकाच्या डोक्यात असलेली ही ओळख तिच्या अभिनयातून वजा करायला हवी, नाहीतर तुम्ही भूमिकेऐवजी आडनावाला गुण देता. नटाचा वाटा खरोखर वेगळा काढून बघायचा असेल तर ‘सैराट’चाच कन्नड रिमेक ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) पाहा. त्यात नायिका ‘सैराट’मध्ये अर्ची झालेली रिंकू राजगुरूच आहे. मुलगी तीच, पण भाषा आणि गाव वेगळं. तिथेही मूळचा परिणाम कमी वाटला तर तो फरक तिच्या खात्यावर मांडता येणार नाही.