पहिली उधारी
दुकानाचा माल ज्यांच्याकडून घेतो, त्या शेठकडे उधारी तोंडी मागितली तेव्हा ते दोनदा "बघू" म्हणाले. मग पत्रच लिहिलं. पहिल्या मसुद्यात ५०,००० होते. बायकोनं खोडले, बरं झालं. आठवड्याला साधारण १४,००० चा किराणा मी रोखीनं उचलतो, म्हणून मर्यादा १५,००० मागितली, म्हणजे एका खेपेपुरती. माल आठवड्यात विकला जातो, त्यामुळे लिहिलं: "मुदत बिलाच्या तारखेपासून ७ दिवस. मागचं बिल चुकतं केल्याशिवाय नवा माल उधार नेणार नाही." सोबत त्यांच्याच सहा महिन्यांच्या रोख बिलांच्या झेरॉक्स जोडल्या. वाद नको म्हणून उधारीच्या प्रत्येक बिलावर माझी सही असेल, हेही घातलं. शेठनी १०,००० मंजूर केले. पहिलं बिल १३,६०० झालं. वरचे ३,६०० तिथंच रोख मोजले.