रात्रीचा क्रिप्टो सेटअप झोपेत हुकला, तर सकाळी काय करावे

सेटअप म्हणजे खरेदीचा भाव, स्टॉप आणि लक्ष्य आधीच आखून ठेवलेला व्यवहार. गोव्यात बसून क्रिप्टोचा असा व्यवहार करायचा म्हणजे अमेरिकेच्या घड्याळाशी गाठ आहे. तिथला शेअर बाजार उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी 7 वाजता उघडतो आणि मध्यरात्रीनंतर 1:30 वाजता बंद होतो. तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे फेडरल रिझर्व्हचा, व्याजदराचा निर्णय रात्री 11:30 वाजता येतो आणि पत्रकार परिषद 12 वाजता सुरू होते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत या सगळ्या वेळा एक तास पुढे जातात. कॅलेंडर तपासा आणि त्या रात्रीची वेळ लिहून ठेवा.

"भाव अमुक ठिकाणी आला की अलार्म लावून उठा," असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात असते. 11 वाजता झोपून 12:30 वाजता उठलात, तर नेमकी तीच मोडते. शिवाय अशी झोप मोडल्यावर डोक्यावरची गुंगी पंधरा मिनिटे ते अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त टिकते, आणि नेमक्या त्याच वेळात तुम्ही ऑर्डर टाकणार असता. तेव्हा झोपण्याआधीच ठरवा, ऑर्डर एक्सचेंजवर ठेवायची की काहीच करायचे नाही. भावाचे अलार्म बंद ठेवा.

आधाराच्या पातळीवर, म्हणजे घसरता भाव जिथे थांबण्याची शक्यता असते तिथे, खरेदी करायची असेल, तर ठरलेल्या भावालाच घेणारी लिमिट ऑर्डर आणि तिला जोडलेला, तोटा ठरलेल्या भावाला थांबवणारा स्टॉप-लॉस लावून झोपा. स्टॉप-लॉस मार्केट प्रकारचाच, म्हणजे मिळेल त्या भावाला विकणारा हवा. स्टॉप-लिमिट असेल, तर वेगवान घसरणीत ऑर्डर जागी होते, पण भाव मर्यादेच्या खाली निघून जातो आणि ती पुरी होतच नाही. ऑर्डर एक्सचेंजच्या सर्व्हरवर असावी, तुमच्या फोनमधल्या किंवा लॅपटॉपवरच्या बॉटमध्ये नको. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही जातात. फेडच्या रात्री मात्र नवी ऑर्डर ठेवू नका. भाव आधी एका बाजूला आणि मग उलट बाजूला झेपावतो, आणि त्यात तुमची खरेदी आणि स्टॉप दोन्ही उडतात.

ब्रेकआउटचा, म्हणजे भाव अडथळ्याची पातळी ओलांडून वर जाण्याचा, प्रश्न वेगळा आहे. चार्टवरची ठरावीक काळाच्या भावाची पट्टी म्हणजे कँडल. "कँडल वर बंद झाली तरच घे," ही अट साध्या ऑर्डरमध्ये बसत नाही, कारण ऑर्डर केवळ स्पर्शावर चालते. इथे आपली वेळ उपयोगी पडते. दिवसाची कँडल UTC प्रमाणे मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे 5:30 वाजता. रात्री 10 वाजता झोपलात तर पाव विकणारा पदेर हॉर्न वाजवत दारात येईपर्यंत बंद झालेली कँडल समोर असते आणि झोपही पुरी झालेली असते.

आता सगळ्यात अवघड टप्पा. मला यानेच बराच काळ छळले. उठता आणि दिसते की भाव तुमच्याशिवाय निघून गेला आहे.

समजा बिटकॉइनची पातळी 60,000 डॉलर, स्टॉप 58,800, लक्ष्य 63,600. धोका 1,200, फायदा 3,600. नुकसानीची मर्यादा 120 डॉलर असेल, तर 0.1 बिटकॉइन घ्यायचे ठरले होते. सकाळी भाव 62,400 आहे. स्टॉप तिथेच ठेवला, तर आता धोका 3,600 आणि उरलेला फायदा 1,200. हा व्यवहार संपला. यावर बहुतेक लोक स्टॉप 61,800 ला ओढतात, म्हणजे आकडे कागदावर सुंदर दिसतात. ते करू नका. त्या स्टॉपमागे चार्टवरची कोणतीही पातळी नसते, साधी हेलकावणी तो उडवते.

त्याऐवजी रिटेस्टची, म्हणजे भाव पातळीजवळ परत येण्याची, वाट पहा. भाव 60,600 वर परतला तर धोका 1,800 आणि फायदा 3,000, म्हणजे सुमारे 1.67 पट. माझी किमान मर्यादा 1.5 आहे, म्हणून हा घेता येईल. पण आकार कमी करून: 120 भागिले 1,800, म्हणजे साधारण 0.066 बिटकॉइन. भाव परतला नाही तर सोडा. पाठलागातला तोटा भारतात दुप्पट दुखतो, कारण क्रिप्टोचा नफा 30 टक्के करात जातो आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

हुकलेल्या सेटअपची वही ठेवा, आणि रात्री ठरवलेला प्रत्येक सेटअप सकाळी तिच्यात लिहा, भाव पुढे गेला असो वा स्टॉपवर आपटला असो. लक्षात राहतात ते फक्त पळून गेलेले, ज्यांच्या तोट्यातून वाचलात ते नाहीत. आकडे तीन-चार महिन्यांनी एकत्र करा. हुकलेल्यांची बेरीज स्पष्ट नफ्यात दिसली, तर झोप न मोडता रात्रीची लिमिट ऑर्डर वाढवा. शून्याच्या आसपास असेल, तर रात्रीचे सेटअप यादीतून काढून टाका.