कॉम्बो पॅकचा फोटो: तीन वस्तू एकमेकींवर आल्या की या चुका टाळा

एका चौकोनी फोटोत तीन वस्तू मांडताना त्या एकमेकींवर थोड्या चढवाव्याच लागतात. शेजारी शेजारी सुट्या ठेवल्या तर सगळा संच रुंद होतो आणि प्रत्येक वस्तू बारीक दिसते. एकमेकींवर चढवल्या तर त्या मोठ्या दिसतात, पण मग कोणती तरी अर्धी झाकली जाते. किती झाकायचं यापेक्षा नेमकं काय झाकायचं, यावर फोटो टिकतो. ते समजावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ.

समजा संचात शॅम्पूची बाटली आहे, 19 सेंटीमीटर उंच आणि साडेसहा सेंटीमीटर रुंद, गोल. दुसरी कंडिशनरची ट्यूब, झाकणावर उभी राहणारी, 15 सेंटीमीटर उंच आणि साडेपाच रुंद. तिसरी हेअर मास्कची डबी, फक्त 6 सेंटीमीटर उंच, पण साडेआठ सेंटीमीटर रुंद. फोटो 2000 बाय 2000 पिक्सेलचा, पार्श्वभूमी शुद्ध पांढरी (255, 255, 255). ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोत मालाने चौकटीचा सुमारे 85 टक्के भाग व्यापावा अशी अपेक्षा असते, म्हणजे संचाची लांब बाजू 1700 पिक्सेलच्या आसपास.

चूक पहिली: लहान वस्तू फुगवणे

डबी बाटलीच्या जेमतेम एक तृतीयांश उंचीची आहे. ती फोटोत हरवते असं वाटतं आणि हात आपोआप तिचा कोपरा ओढून मोठी करायला जातो. दीडपट केली की ती छान भरीव दिसते, पण तिच्या शेजारची बाटली खोटी पडते. ग्राहक बाटलीच्या मापाने डबीचा अंदाज घेतो. पार्सल उघडल्यावर डबी लहान निघाली, तर वजन लेबलावर बरोबर छापलेलं असूनही त्याला फसवल्यासारखं वाटतं.

आधी मोजपट्टीने तिन्ही वस्तू मोजा आणि एकच प्रमाण ठरवा. आपल्या उदाहरणात एका सेंटीमीटरला 80 पिक्सेल धरले की सगळं बसतं. डबीची रुंदी 680 पिक्सेल येते, ट्यूबची 440, बाटलीची 520. तिन्ही वस्तूंचे फोटो वेगवेगळे काढून नंतर जोडणार असाल, तर प्रत्येक फोटोत वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवून एक जादा फोटो काढा. अंदाजाने मापं जुळवण्यात जाणारा वेळ वाचतो.

डबीला थोडा न्याय देण्याची एक प्रामाणिक वाट आहे. ती खरोखर पुढे ठेवा. कॅमेरा बाटलीपासून दीड मीटरवर असेल आणि डबी बाटलीच्या 8 सेंटीमीटर पुढे असेल, तर ती नैसर्गिकपणेच 5 ते 6 टक्के मोठी दिसते. म्हणजे 680 च्या जागी साधारण 720 पिक्सेल. तेवढी वाढ डोळ्याला खरी वाटते, कारण ती खरीच आहे. कॅमेरा 60 सेंटीमीटरवर आणला तर हीच वाढ 15 टक्क्यांवर जाते आणि वस्तूंचं प्रमाण पुन्हा बिघडतं.

चूक दुसरी: जिथे ओळख आहे तोच भाग झाकणे

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात. डबी बुटकी, म्हणून ती मधोमध पुढे ठेवायची आणि मागे दोन उंच वस्तू उभ्या करायच्या, ही मांडणी सहज सुचते. पण ट्यूब झाकणावर उभी आहे. डबी तिच्या पुढे आली की झाकण पूर्ण दडतं आणि वर फक्त एक सपाट पट्टा उरतो. तो पाऊच आहे, बाटली आहे की ट्यूब, हे लहान आकारात कळत नाही. ट्यूबची ओळख दोन टोकांना असते: खाली झाकण आणि वर दाबलेली सपाट कड. दोन्ही दिसलीच पाहिजेत.

बाटलीची ओळख वर असते. पंप किंवा झाकण, मग खांदा, मग ब्रँडचं नाव. तळाशी बहुधा वजन-मापाचा मजकूर असतो. म्हणून डबी बाटलीच्या तळापुढे आणा, ट्यूबच्या नाही. डबीची स्वतःची ओळख तिच्या रुंद झाकणात आणि दर्शनी लेबलात असते, त्यामुळे तिच्यावर काहीच येऊ देऊ नका.

आता बाजूंचा विचार. गोल बाटलीवर कडेचा एक सेंटीमीटर झाकला तरी फारसं बिघडत नाही, कारण तिथे लेबल वळत गेलेलं असतं आणि अक्षरं आधीच दबलेली असतात. सपाट ट्यूबवर मात्र तोच एक सेंटीमीटर समोर वाचता येणारा मजकूर असतो. म्हणून सपाट वस्तू पुढे, गोल वस्तू मागे. शिवाय आपण डावीकडून वाचतो. शब्दाचं शेवटचं अक्षर गेलं तरी शब्द ओळखता येतो, पहिलं गेलं की अडखळायला होतं. त्यामुळे झाकणारी वस्तू शक्यतो उजवीकडून येऊ द्या.

हे सगळं लावलं की मांडणी अशी होते. डावीकडे पुढे डबी, मध्ये मागे बाटली, उजवीकडे ट्यूब. डबी बाटलीच्या तळाचा डावीकडचा तीन सेंटीमीटर भाग झाकते, ट्यूब बाटलीची उजवी कड एक सेंटीमीटर झाकते. डबी आणि ट्यूब एकमेकींना शिवतही नाहीत. संचाची रुंदी साडेसोळा सेंटीमीटर, म्हणजे साधारण 1320 पिक्सेल. बाटलीचा जवळपास चौथा भाग झाकला गेला, तरी तिचं झाकण, खांदा आणि नाव मोकळं आहे. तळाचं माप दडत असेल, तर ते दुसऱ्या फोटोत स्पष्ट दाखवा.

चूक तिसरी: सगळ्यांचे तळ एका रेषेत

जोडलेल्या फोटोंमध्ये ही चूक लगेच पकडता येते. डबी बाटलीच्या पुढे आहे, पण दोघींचे तळ एकाच रेषेवर टेकलेत. मग डबी बाटलीत घुसल्यासारखी किंवा वर चिकटवलेल्या स्टिकरसारखी दिसते. पुढची वस्तू पुढे आहे हे डोळ्याला तळावरूनच कळतं, कारण कॅमेरा किंचित वरून पाहत असतो आणि जवळची वस्तू चौकटीत खाली उतरते.

किती खाली, ते काढता येतं. आपल्या मांडणीत डबी बाटलीला न धडकता पुढे राहायची तर दोघींच्या मध्यबिंदूंमध्ये पुढे-मागे किमान 6 सेंटीमीटर अंतर हवं. थोडी फट ठेवून 8 धरू. कॅमेरा 10 अंशांनी खाली झुकलेला असेल, तर डबीचा तळ बाटलीच्या तळापेक्षा सुमारे दीड सेंटीमीटर, म्हणजे 120 पिक्सेल खाली यायला हवा. ट्यूब बाटलीच्या 4 सेंटीमीटर पुढे असेल तर तिच्यासाठी 40 ते 55 पिक्सेल पुरतात.

इथेच आणखी एक गोष्ट तपासा. 10 अंशांवरून डबीच्या झाकणाचा माथा लंबगोल दिसतो, सुमारे दीड सेंटीमीटर उंचीचा. डबीचा फोटो अगदी समोरून काढलेला असेल तर तिथे फक्त सरळ रेषा दिसेल. अशी डबी 120 पिक्सेल खाली सरकवून काही साधत नाही, ती तरंगतच राहते. वेगवेगळ्या कोनांतून काढलेले फोटो जोडून कधीच पटत नाहीत. तिन्ही वस्तू त्याच कॅमेऱ्याने, त्याच उंचीवरून आणि त्याच झुकावाने पुन्हा काढणं कमी कष्टाचं ठरतं.

चूक चौथी: कडा एकमेकींत विरघळणे

पांढरी ट्यूब पांढऱ्या बाटलीपुढे आली की मधली कड नाहीशी होते आणि दोन वस्तूंची एक विचित्र रुंद वस्तू बनते. काळी बाह्यरेषा काढणं हा उपाय नव्हे, त्याने फोटो चित्रासारखा दिसतो. फोटो काढतानाच वस्तूच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळे पुठ्ठे उभे करा. त्यांचं प्रतिबिंब पडून वस्तूच्या कडांना बारीक करडी रेघ येते. पुठ्ठा जवळ आणला की रेघ जाड, लांब नेला की पातळ.

जोडलेल्या फोटोत याशिवाय पुढच्या वस्तूची सावली मागच्या वस्तूवर पडायला हवी. सावलीचा लेयर मल्टिप्लाय मोडवर ठेवा आणि मास्कने तो फक्त मागच्या वस्तूपुरता मर्यादित करा. कडेजवळ गडद, मग लवकर विरत जाणारी सावली खरी वाटते. प्रत्येक वस्तूच्या तळाशी टेकण्याची अरुंद सावलीही वेगळी हवी. सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडतात ना, हे शेवटी एकदा पाहा.

कडा नुसत्या चिकटल्यानेही गोंधळ होतो. डबीच्या झाकणाची वरची रेषा बाटलीच्या लेबलाच्या खालच्या रेषेशी तंतोतंत जुळली, तर झाकण बाटलीचाच भाग वाटतं. डबी 30-40 पिक्सेल वर-खाली केली की हे सुटतं, पण त्यासाठी पुढे-मागे अंतरही त्याच प्रमाणात बदला. बाजूंनाही हाच नियम लावा: एक तर रुंदीच्या किमान दहाव्या भागाइतकं ठळक झाकू द्या, नाही तर मध्ये स्पष्ट फट ठेवा.

तपासणी

फोटो 200 पिक्सेलपर्यंत लहान करा. लेबलावरचं 5 मिलिमीटरचं अक्षर मोठ्या फोटोत 40 पिक्सेलचं होतं, आता ते 4 पिक्सेलचं उरलं, म्हणजे वाचता येणार नाही. इथे फक्त आकार, झाकणं आणि रंगाचे मोठे पट्टे बोलतात. मग फोटो कृष्णधवल करा. रंग गेल्यावरही तीन आकार वेगळे दिसले तर कडा शाबूत आहेत. शेवटी माल न पाहिलेल्या कुणाला तरी तो दोन-तीन सेकंद दाखवा आणि विचारा, किती वस्तू आहेत आणि कोणकोणत्या. 'दोन' असं उत्तर आलं तर चौथी चूक शोधा. 'तीन, पण मधली काय ते कळलं नाही' असं आलं तर दुसरी.

तिन्ही वस्तू एकाच आकाराच्या असतील, म्हणजे एकाच बाटलीचे तीन सुगंध, तर आकाराचा आधार संपतो आणि वेगळेपण फक्त रंगावर आणि सुगंधाच्या नावावर राहतं. तेव्हा सगळ्यात उजवीकडची बाटली पुढे घ्या आणि डावीकडच्या क्रमाने मागे जाऊ द्या, म्हणजे प्रत्येक नावाची सुरुवात मोकळी राहते. झाकलेला भाग रुंदीच्या पाचव्या हिश्शापलीकडे जाऊ देऊ नका. तेवढ्यातही सुगंधाचं नाव कापलं जात असेल, तर बाटल्या एकमेकींवर न चढवता सुट्या ठेवा आणि त्या थोड्या लहान दिसल्या तरी चालवून घ्या.