नोडल की मेश? आधी अज्ञात मोजा

सोलापुरात डिप्लोमाच्या मुलांना शिकवताना दिसतं, की सर्किटमध्ये खिडक्या दिसल्या की मुलं लगेच मेश लावतात. थांबा, आधी अज्ञात मोजा: मेश पद्धतीत प्रत्येक खिडकीचा, म्हणजे आत दुसरी शाखा नसलेल्या बंद चौकटीचा, करंट अज्ञात असतो; नोडल पद्धतीत नोडचा, म्हणजे शाखा जिथे जुळतात त्या बिंदूचा, व्होल्टेज.

समजा दोन बिंदूंमध्ये तीन शाखा आहेत: 12 व्होल्टची बॅटरी व 2 ओहम, 6 व्होल्टची बॅटरी व 3 ओहम, आणि नुसता 6 ओहमचा लोड. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोकं वरच्या बाजूला. इथे खिडक्या दोन, म्हणजे मेशची समीकरणं दोन. नोडलमध्ये खालचा बिंदू शून्य धरला की अज्ञात एकच, वरच्या बिंदूचा व्होल्टेज V:

(V−12)/2 + (V−6)/3 + V/6 = 0

V = 8 व्होल्ट. पहिल्या शाखेतून 2 अँपिअर येतात. त्यातले 1.33 लोडमध्ये आणि 0.67 अँपिअर 6 व्होल्टच्या बॅटरीत जातात, म्हणजे ती चार्ज होतेय!

चूक हमखास कुठे होते? बॅटरी आणि तिच्या रेझिस्टरमधला सांधाही नोड म्हणून मोजला जातो. त्याचा व्होल्टेज बॅटरीमुळे ठरलेलाच असतो, तो अज्ञात नाही. तसंच खिडकीच्या बाहेरच्या कडेवर करंट सोर्स असेल, तर त्या खिडकीचा करंट आयताच मिळतो. तिथे मेश स्वस्त पडतं. मात्र तारा एकमेकींना न ओलांडता सर्किट कागदावर काढताच येत नसेल, तर नोडलच घ्या.